अक्कलदाढेआधी गुंगीची गोळी आणि ‘बरोबर माणूस आणा’ ही अट: एकटं राहणाऱ्यांनी काय करायचं?

मृण्मयी_कोथरूड (सोमवार, रात्री ९.१०)

खालची उजवी अक्कलदाढ आडवी अडकली आहे. हिरडी कापून, थोडं हाड कोरून काढावी लागणार. गुरुवारी सकाळी ११ ची वेळ मिळाली आहे. लहानपणी दातांच्या बाबतीत एक वाईट अनुभव आला होता. तेव्हापासून त्या खुर्चीत बसलं की हातपाय गार पडतात आणि छाती धडधडते. मागच्या वेळी तर इंजेक्शन पाहूनच उठून आले. म्हणून डॉक्टरांनी डायझेपाम लिहून दिलं आहे. ५ मिलिग्रॅमची एक गोळी आदल्या रात्री झोपताना आणि एक दवाखान्यात आल्यावर, कामाच्या तासभर आधी.

इथपर्यंत ठीक. पण चिठ्ठीवर खाली लिहिलंय, ‘सोबत जबाबदार व्यक्ती असल्याशिवाय गोळी दिली जाणार नाही.’ मी पुण्यात एकटी राहते. आईबाबा लातूरला असतात आणि बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय. ऑफिसातल्या कुणाला सुट्टी काढायला लावायचा संकोच वाटतो. दवाखाना घरापासून तीन किलोमीटरवर आहे. ॲपवरून रिक्षा बोलावली तर चालणार नाही का? एवढ्याशा गोळीने नेमकं होतं तरी काय? ज्यांनी घेतली असेल त्यांनी खरं काय ते सांगा.

अनिलराव (रात्री ९.३२)

घाबरू नकोस. मी पाच वर्षांपूर्वी हीच गोळी घेऊन दोन दाढा काढल्या आणि स्वतः स्कूटर चालवत घरी आलो. ५ मिलिग्रॅम म्हणजे काहीच नाही, आमच्या वडिलांना पाठीच्या उसणीसाठी रोज देत होते. डॉक्टर लोक स्वतःच्या सुरक्षिततेसाठी असं लिहितात. फक्त बारा तास पोटात काही जाऊ देऊ नकोस, भूल म्हटली की उपाशीपोटी हवं.

शिल्पा_नौपाडा (रात्री १०.०५)

माझा अनुभव दाताचा नाही, एमआरआयचा आहे. पण गोळीचाच आहे म्हणून लिहिते.

मला बंद जागेची भीती आहे, लिफ्टसुद्धा टाळते. कमरेचा एमआरआय सांगितला तेव्हा डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ०.५ ची एक गोळी लिहिली आणि ‘तासभर आधी घ्या’ म्हणाले. वेळ ९ ची होती, मी ८ ला घरून घेऊन निघाले. तिथे गेल्यावर कळलं की रात्रीत अपघाताचे पेशंट आलेत, थांबावं लागेल. साडेनऊला मी खुर्चीत बसून मस्त पेंगत होते. माझा नंबर लागला साडेअकराला. तोवर डोकं बऱ्यापैकी ताळ्यावर आलं होतं आणि ते मशीनचं भोक पाहून पुन्हा घाम फुटला. पर्समध्ये आणखी एक गोळी होती, ती मी कुणाला न विचारता घेतली.

स्कॅन कसाबसा झाला. गंमत त्यानंतरची, म्हणजे गंमत नाहीच. टेबलावरून उतरताना पाय लटपटले. टॅक्सीत बसल्याचं आठवतंय, घरी जिना चढल्याचं आठवत नाही. दुपारी दोनला झोपले ती रात्री आठला उठले. मधे यजमानांनी तीनदा हलवलं, मी प्रत्येक वेळी ‘हो, बरी आहे’ म्हटलं म्हणे. मला त्यातलं एकही आठवत नाही. ते सोबत नसते तर मी त्या दिवशी घरी कशी पोचले असते हे मला खरंच सांगता येणार नाही.

डॉ_विनायक_नाशिक (रात्री ११.२०)

मी भूलतज्ज्ञ आहे, वीस वर्षं हेच काम करतोय. मृण्मयी, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि शिल्पाताईंच्या अनुभवात त्याचं अर्धं उत्तर आहे.

सर्वांत आधी हे लक्षात घ्या की ही भूल नाही. तुम्ही जाग्या असाल, ‘तोंड उघडा’ म्हटलं की उघडाल, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्याल. भीतीची धार बोथट होते, वेळेचं भान सैल पडतं, तासाभराचं काम दहा मिनिटांत झाल्यासारखं वाटतं. दुखणं मात्र या गोळीने थांबत नाही. त्यासाठी हिरडीतलं सुन्न करायचं इंजेक्शन लागणारच. फक्त ते घेताना तुम्ही खुर्चीतून उठून जाणार नाही.

आता सोबतीचा मुद्दा. या औषधांचा एक गुण असा की गोळी लागू झाल्यानंतरच्या काही तासांत जे घडतं त्याची नोंद मेंदूत नीट होत नाही. माणूस बोलतो, चालतो, सही करतो, पैसे देतो. बघणाऱ्याला वाटतं, शुद्धीत आहे. आणि तो स्वतःही छातीठोकपणे सांगतो की मी ठीक आहे. पण ‘कापूस अर्ध्या तासाने काढा, आज चूळ जोरात भरू नका, ही गोळी रात्री आठला’ असं डॉक्टर सांगतात तेव्हा ते ऐकणारा कान असतो, ठेवून घेणारी आठवण नसते. म्हणून त्या सूचना दुसऱ्या जाग्या डोक्याला द्याव्या लागतात. सोबतचा माणूस म्हणजे त्या दिवसापुरती तुमची स्मरणशक्ती, असं मी पेशंटना सांगतो.

रिक्षावाला हे करू शकत नाही. तो समोर बघून गाडी चालवतो. मागे तुमची मान छातीवर पडली, श्वासाची वाट अडली, घोरण्यासारखा आवाज येऊ लागला, तर त्याला कळणार नाही. त्यातून तुमच्या तोंडात त्या वेळी कापसाची किंवा गॉजची घडी असेल, ओठ आणि जीभ सुन्न असेल. झोपेत ती घडी घशाकडे सरकू शकते. शेजारी बसलेल्या माणसाने मान सरळ धरायची, बोलतं ठेवायचं, वेळ झाली की गॉज काढायला लावायचा. एवढंच काम आहे, पण ते करायला शेजारी कुणीतरी असावं लागतं.

आणि हो, सोबत आलेल्या मैत्रिणीच्या स्कूटरवर मागे बसून जायचं नाही. पुण्यात हे हमखास होतं. पेंगणारा माणूस मागच्या सीटवरून कधी कलंडेल सांगता येत नाही. रिक्षा किंवा गाडी, आणि मैत्रीण शेजारी.

अनिलराव (रात्री ११.४१)

डॉक्टरसाहेब, मान्य. पण मग मला काही का झालं नाही? मला रस्ता नीट आठवतोय. आणि पोलिसांच्या यंत्रात फुंकर मारली तरी गोळी काही दिसत नाही.

डॉ_विनायक_नाशिक (मंगळवार, सकाळी ७.१५)

अनिलराव, तुम्हाला काही झालं नाही हे खरं आहे आणि त्याचा आनंद आहे. एकाच ५ मिलिग्रॅमच्या गोळीने एकजण नुसता शांत होतो आणि दुसरा खुर्चीत झोपतो, हे मी रोज पाहतो. वय, वजन, यकृत, रोजची इतर औषधं, आदल्या रात्रीची झोप, सगळ्याचा परिणाम होतो. शिरेतून औषध देताना मी थोडं थोडं देत चेहरा बघत जातो आणि पुरे झालं की थांबतो. गोळी एकदा गिळली की थांबवायची सोय नसते. शिल्पाताईंनी दुसरी गोळी घेतली तेव्हा पहिली संपली नव्हती, फक्त तिची पहिली लाट ओसरली होती. दुसरी तिच्यावर चढली आणि तिचा जोर स्कॅन आटोपल्यावर, घरी पोचताना आला.

डायझेपामचं आणखी एक आहे. रिकाम्या पोटी ते साधारण तासाभरात टोकाला पोचतं, पण पोट भरलेलं असेल तर दोन-अडीच तासही लागतात. म्हणजे भरपेट पोहे खाऊन गोळी घेतली तर दाढ काढताना भीती तशीच आणि गुंगी येणार रिक्षात. शिवाय ते शरीरातून फार सावकाश जातं. निम्मं व्हायलाच एक-दोन दिवस लागू शकतात आणि त्यापासून यकृतात तयार होणारा पदार्थ त्याहून जास्त काळ राहतो. संध्याकाळी चहा पिऊन तरतरी येते, माणूस म्हणतो ‘उतरली’. उतरलेली नसते. ब्रेक दाबायला लागणारा वेळ आणि अंतराचा अंदाज या गोष्टी वाटण्यापेक्षा उशिरा जागेवर येतात. म्हणून निदान २४ तास गाडी नाही, गॅसपाशी एकटं उभं राहणं नाही, महत्त्वाच्या कागदावर सही नाही, लहान मुलाची एकटीने जबाबदारी नाही.

यंत्रात दिसत नाही हेही खरं. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये दारूबरोबर औषधाच्या अंमलाखाली, ताबा राहणार नाही अशा स्थितीत गाडी चालवणंही येतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी समोरून येणाऱ्याचा विचार करा.

उपाशी राहण्याबद्दल तुम्ही अर्धं बरोबर सांगितलंत. पूर्ण भुलेसाठी, किंवा गोळीवर शिरेतून औषध द्यायची शक्यता असेल तर जेवण सहा तास आणि साधं पाणी दोन तास आधी बंद, हा आमचा नियम. बारा तास पाण्याशिवाय राहिलात तर उलट चक्कर येईल. नुसत्या एका गोळीवर काम असेल तर काही दंतवैद्य आधी हलकं खायला सांगतात. मृण्मयी, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा आणि ते सांगतील तेच करा.

आरवची_आई (सकाळी १०.०२)

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. मेंदूच्या एमआरआयसाठी ट्रायक्लोफॉस सिरप दिलं होतं. झोपायच्या ऐवजी तो इतका पिसाळल्यासारखा रडला की स्कॅन झालाच नाही, परत यावं लागलं. आता पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय. मोठ्यांनाही गोळीने असं होतं का? आणि घरून थोडं सिरप जास्त देऊन नेलं तर चालेल का?

डॉ_विनायक_नाशिक (सकाळी १०.४०)

आरवच्या आई, घरून अजिबात देऊ नका, जास्त तर नाहीच. वाटेत गाडीत झोपलेल्या मुलाची मान खाली पडते आणि तिथे श्वास बघणारं, ऑक्सिजन देणारं कुणी नसतं. ते औषध वजनावर मोजून, सेंटरमध्ये, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावूनच द्यायचं असतं.

काही मुलं शांत व्हायच्या ऐवजी चवताळतात. असं मोठ्यांमध्येही, विशेषतः वयस्कांमध्ये, क्वचित दिसतं. मागच्या वेळचं सगळं तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा: किती मिलिलिटर दिलं, किती वाजता, आधी काय खाल्लं होतं, उलटून टाकलं का. सर्दी-खोकला असेल तर तेही. या वेळी भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करायचं का, हे ते ठरवतील. परत येताना गाडी चालवणारा वेगळा आणि मुलाशेजारी बसणारा वेगळा, अशी दोन माणसं हवीत.

रेडिओग्राफर_सांगली (दुपारी १.१५)

मशीनपाशी उभा राहणारा माणूस म्हणून दोन गोष्टी सांगतो.

एमआरआयला येणाऱ्या प्रत्येकाकडून आम्ही फॉर्म भरून घेतो. पेसमेकर आहे का, डोक्यात क्लिप, कानात इंप्लांट, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का. हे प्रश्न गोळी घेतल्यावर विचारले तर पेशंट सगळ्याला ‘नाही नाही’ म्हणतो. एका आजींनी मान हलवत सगळं नाही म्हटलं होतं. बरोबर आलेल्या सुनेने सांगितलं की बायपास झालंय आणि नंतर पेसमेकरही बसवलाय. गोळी आम्ही दिलेली नव्हती, त्या घरून घेऊन आल्या होत्या. तेव्हापासून मी बरोबरच्या माणसाला विचारल्याशिवाय दार उघडत नाही. मंगळसूत्र, जोडवी, केसांतल्या पिना हेही त्याच माणसाच्या हातात द्यायचं.

दुसरं, शिल्पाताईंसारखं होऊ नये म्हणून निघायच्या आधी सेंटरला फोन करा. जमत असेल तर गोळी तिथे आल्यावर, फॉर्म आणि सही झाल्यावर, ‘आता घ्या’ म्हटल्यावर घ्या. तुमच्या डॉक्टरांना तसं विचारून ठेवा. आणि सीटी स्कॅनसाठी गोळी मागणारेही येतात. सीटीचं कडं रुंद असतं आणि काम काही मिनिटांत होतं, मोठ्या माणसाला त्यासाठी बहुतेक वेळा गोळी लागत नाही. एमआरआयला वीस मिनिटं ते पाऊण तास हलायचं नसतं, म्हणून तिथे प्रश्न येतो.

केतकी_लीड्स (दुपारी ४.५०)

मी इंग्लंडमध्ये राहते. इथे दातांसाठी गुंगी देताना सोबतीचा माणूस दवाखान्यात हजर असल्याशिवाय सुरूच करत नाहीत. माझ्या वेळी मैत्रीण ट्रॅफिकमध्ये अडकली, तर माझी अपॉइंटमेंट रद्द करून पुढची तारीख दिली. तेव्हा फार राग आला होता. दुसऱ्या खेपेला तिने माझा फोन काढून घेतला, कारण मी टॅक्सीतून बॉसला मेल लिहीत होते. तो मसुदा अजून आहे माझ्याकडे. एक वाक्य धड नाही.

मृण्मयी_कोथरूड (मंगळवार, रात्री ८.३०)

सगळ्यांचे आभार. आज दवाखान्यात फोन केला. ते म्हणाले, सकाळी ८ ला इडली किंवा टोस्ट एवढंच, गोळी १० वाजता इथे आल्यावर. संमतीपत्रावर सही गोळीच्या आधी.

डॉक्टर, दोन शंका आहेत. मला मांडीवर गजकर्ण झालंय, त्यासाठी इट्राकोनाझोल चालू आहे. आणि सर्दीसाठी रात्री लिव्होसेट्रिझिन घेते. हे दंतवैद्यांना सांगायचं राहिलं. त्वचेच्या औषधाचा दाताशी काय संबंध असं वाटलं.

दुसरं, ब्यूरोतून दिवसभरासाठी पगारी मावशी मिळतात. त्या चालतील का?

डॉ_विनायक_नाशिक (रात्री ९.१२)

बरं झालं विचारलंत. इट्राकोनाझोल यकृतातली तीच यंत्रणा अडवतं जी यातल्या बऱ्याच गोळ्या मोडीत काढते. अल्प्राझोलाम किंवा तोंडाने मिडाझोलाम असतं तर मी स्पष्ट नको म्हटलं असतं, कारण त्यांचा अंमल फार वाढतो. डायझेपामला दुसरीही वाट आहे, त्यामुळे परिणाम तितका तीव्र नसतो. तरी उद्या सकाळी दंतवैद्यांना सांगाच. ते कदाचित आदल्या रात्रीची गोळी वगळतील, किंवा लोराझेपाम देतील. त्याची मोड वेगळ्या वाटेने होते. मी इथून बदल सांगणार नाही. लिव्होसेट्रिझिननेही झोप वाढते, ते त्या दोन रात्री घ्यायचं का हेही विचारा. कामानंतर दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल असलेली गोळी लिहिली तर डायझेपामची आठवण करून द्या. त्या दोघांची जोडी श्वास मंद करते. झोपेत मोठ्याने घोरत असाल, श्वास अडल्यासारखा होत असेल, तर तेही सांगा.

ब्यूरोच्या मावशींबद्दल माझं मत डळमळीत आहे. प्रौढ, जाग्या, फोन वापरता येणाऱ्या आणि रात्रीपर्यंत थांबणाऱ्या असतील तर तत्त्वतः हरकत नसावी. पण तुमच्या आजाराची माहिती त्यांना द्यावी लागेल आणि तुम्ही ‘मी ठीक आहे, तुम्ही जा’ म्हणालात तर त्यांनी जायचं नाही, एवढा अधिकार त्यांना वाटला पाहिजे. पैसे देणारा माणूसच ‘जा’ म्हणतो तेव्हा कितीजणी थांबतील?

शिल्पा_नौपाडा (रात्री ९.४०)

मृण्मयी, ऑफिसातल्या एखादीला विचारून तर बघ. मी असते तर अर्धी रजा आनंदाने काढली असती.

मृण्मयी_कोथरूड (शनिवार, सकाळी ११.०५)

दाढ निघाली. सविस्तर लिहिते, पुढच्या कुणाला उपयोग होईल.

इट्राकोनाझोलचं सांगितल्यावर डॉक्टरांनी बुधवारी रात्रीची गोळी वगळली. गुरुवारी १० ला फक्त एक ५ ची दिली. ऑफिसातली स्नेहल आली. मी विचारलं तेव्हा तिने दुसरं वाक्यही पूर्ण करू दिलं नाही, लगेच हो म्हणाली. साडेदहापर्यंत काही वाटलं नाही. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते आणि त्याचं काही देणंघेणं उरलं नाही, हे शब्द त्याला सर्वांत जवळचे. इंजेक्शन टोचल्याचं कळलं, पण उठून पळावंसं वाटलं नाही. हाड कोरल्याचा आवाज आठवतो. टाके आठवत नाहीत. ५० मिनिटं लागली म्हणे, मला पंधरा वाटली.

त्यानंतर दवाखान्यात पाऊण तास बसवून ठेवलं. नर्सने सूचना स्नेहलला दिल्या आणि कागदही तिच्याच हातात दिला. मी शेजारी बसून मान हलवत होते, असं ती सांगते. मला तो कागद पाहिल्याचंही आठवत नाही. रिक्षात मी दोनदा विचारलं, ‘गॉज काढू का?’ आणि तिने दोनदा ‘अजून दहा मिनिटं’ सांगितलं. घरी आल्यावर १ वाजता दुखण्याची गोळी घेतली. पावणेदोनला मी पुन्हा पाकीट उघडलं, कारण माझ्या मते मी गोळी घेतलीच नव्हती. वाद घातला म्हणे. स्नेहलने कागदावर वेळ लिहून ठेवली होती, ती दाखवली तेव्हा ऐकलं. मग तिने पाकीट स्वतःच्या पिशवीत ठेवलं.

तीन ते साडेपाच झोपले. ती समोर बसून काम करत होती आणि अर्ध्या तासाने हाक मारत होती. संध्याकाळी मला एकदम छान वाटलं, दूध आणायला स्कूटरची किल्ली घेतली होती. तीही तिने काढून घेतली. रात्री मऊ भात खाल्ल्यावर पुन्हा पेंग आली, याचं आश्चर्य वाटलं. ती रात्री माझ्याकडेच राहिली.

डॉ_विनायक_नाशिक (दुपारी १२.३०)

जेवणानंतर पुन्हा पेंग येणं डायझेपामबाबत ठाऊक असलेली गोष्ट आहे. पित्तावाटे आतड्यात गेलेला थोडा भाग पुन्हा शोषला जातो असं मानतात. इट्राकोनाझोलचाही थोडा हात असेल. स्नेहलने हाक मारून उठवत राहिली ते अगदी योग्य केलं. हाकेला, खांद्याला हलवल्यावर उत्तर येत नसेल, ओठ निळसर दिसले किंवा श्वास थांबत थांबत येत असेल, तर कुशीवर वळवून लगेच १०८ ला फोन करायचा असतो, वाट बघायची नाही. टाके काढायला कधी बोलावलंय?

मृण्मयी_कोथरूड (दुपारी १२.४८)

पुढच्या गुरुवारी. त्या वेळी गोळी नाही, तरी स्नेहल येते म्हणाली आहे. वरची दाढही काढायची आहे, ती महिन्याने.

अनिलराव (दुपारी २.२०)

मृण्मयी, तुझं पाकिटाचं वाचून मी बायकोला विचारलं, त्या दिवशी मी घरी आल्यावर काय केलं होतं. ती म्हणते, मी तिला एकच गोष्ट चार वेळा सांगितली आणि स्कूटरची किल्ली रात्री फ्रीजमध्ये सापडली. मला यातलं काही माहीत नव्हतं. रस्ता नीट आठवतोय असं मी इथे लिहिलं होतं. आता कुठल्या रस्त्याने आलो ते आठवायला बसलो, तर फक्त दवाखान्याचा जिना आठवतोय.